लंबकाच्या जर्नलमधली न घेतलेली रीडिंग: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

एफवायच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला यंदा आमच्या विभागाने एक सूट दिली आहे. जर्नलमधला मजकूर, म्हणजे उद्देश, कृती, निष्कर्ष, एआयच्या मदतीने लिहिला तरी चालेल, फक्त तसं शेवटी नमूद करायचं. रीडिंग मात्र स्वतः घेतलेली हवीत. ही अट पाळली गेली की नाही हे तपासायचं कसं, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला आणि ते काम मी मागून घेतलं.

मजकूर मशीनचा की मुलांचा, हे मला शोधायचं नाही. भाषेवरून ते ठरवणं भरवशाचं नाही, आणि मजकुराची परवानगी आम्हीच दिली आहे. मला फक्त रीडिंगचा तक्ता तपासायचा आहे. तक्त्यातला आकडा स्टॉपवॉचवरून आला की सूत्रातून, हे त्या आकड्यांवरूनच कळतं का?

सुरुवात साध्या लंबकापासून करते. प्रयोग सगळ्यांना माहीत असलेला आहे. चिरलेल्या बुचात दोरा धरायचा, खाली बॉब लटकवायचा, २० दोलनांना लागणारा वेळ मोजायचा. लांबी ४० सेमीपासून १०० सेमीपर्यंत, दहा-दहाने वाढवत. प्रत्येक लांबीला दोन रीडिंग. शेवटी T = 2π√(L/g) या सूत्रावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा. यात T म्हणजे एका दोलनाचा वेळ, L म्हणजे लांबी.

९ जुलै

मुलांचे आकडे पाहण्याआधी माझा स्वतःचा हात किती डळमळतो, ते बघितलं. दुपारी लॅब रिकामी होती. पंखे बंद केले, कारण वाऱ्याने बॉब सरळ रेषेत न झुलता लंबगोल फिरायला लागतो. लांबी ८० सेमी ठेवली आणि तिला हात न लावता, त्याच डिजिटल स्टॉपवॉचने, २० दोलनांची दहा रीडिंग घेतली. सेकंदांत ती अशी आली:

३५.८७, ३६.०४, ३५.९१, ३५.७८, ३५.९६, ३६.०९, ३५.९३, ३५.८४, ३६.०१, ३५.९४

सरासरी ३५.९४. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या रीडिंगमध्ये ०.३१ सेकंदाचा फरक. प्रमाण विचलन, म्हणजे रीडिंग सरासरीपासून साधारण किती भरकटतात ते माप, ०.०९ सेकंद.

स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवतं म्हणून आपण शतांशापर्यंत मोजलं असं होत नाही. बटण दाबणारा अंगठा माझा आहे. लंबक मधल्या खुणेवरून जाताना मी तालावर बटण दाबते, त्यामुळे अचानक दिवा लागल्यावर बटण दाबण्यापेक्षा चूक कमी होते, पण सुरुवातीची आणि शेवटची मिळून दशांशाच्या आसपास राहतेच. लॅबचे मामा गेली कित्येक वर्षं हा प्रयोग लावून देतात. त्यांना पाच रीडिंग घ्यायला लावली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला, विचलन जवळजवळ निम्मं. म्हणजे सराईत हाताला ०.०५ पकडायला हरकत नाही.

१६ जुलै

बॅच बीची जर्नल आली. बहुतेकांच्या तक्त्यांत आपली नेहमीची ओढाताण दिसते. गट ३ चा तक्ता मात्र वेगळा वाटला. जसाच्या तसा उतरवून ठेवते.

| लांबी (सेमी) | पहिलं रीडिंग (सेकंद) | दुसरं रीडिंग (सेकंद) |
|---|---|---|
| ४० | २५.३८ | २५.४० |
| ५० | २८.३७ | २८.३९ |
| ६० | ३१.१० | ३१.०८ |
| ७० | ३३.५७ | ३३.६० |
| ८० | ३५.९१ | ३५.८९ |
| ९० | ३८.०९ | ३८.०७ |
| १०० | ४०.१३ | ४०.१५ |

बॉबचा व्यास २.०० सेमी. g = ९.८० मी/से². आलेख सरळ आणि थेट शून्यातून जाणारा. चुकांच्या स्रोतांबद्दल एक सुबक परिच्छेद, त्यात हवेचा रोध आहे, मोजणाऱ्याचा प्रतिक्रियाकाल आहे. तो परिच्छेद वाचून परत तक्त्याकडे वळले. प्रतिक्रियाकालाची चूक होते असं खाली लिहिलंय, पण वरच्या आकड्यांत ती चूक कुठेच दिसत नाही.

लांबी सगळीकडे गोल आकड्यात आहे याला मी संशयास्पद मानत नाही. बॉबच्या मध्यापासून मोजून दोऱ्यावर शाईच्या खुणा करायच्या आणि बुचात नेमकी खूण धरायची, हीच पद्धत आम्ही शिकवतो.

१७ जुलै

आज फक्त दोन रीडिंगमधला फरक पाहिला. याला g लागत नाही, सूत्र लागत नाही, आलेखही लागत नाही. एकच लंबक, तीच लांबी, लागोपाठ दोनदा मोजला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे निव्वळ मोजणाऱ्याचा हात.

गट ३ चे सात फरक असे: ०.०२, ०.०२, ०.०२, ०.०३, ०.०२, ०.०२, ०.०२.

या फरकांवरून एका रीडिंगचं विचलन किती निघतं ते काढलं. फरकांच्या वर्गांची सरासरी घ्यायची, तिला दोनने भागायचं, कारण फरकात दोन रीडिंगच्या चुका एकत्र येतात, आणि मग वर्गमूळ.

```python
import numpy as np
t1 = np.array([25.38, 28.37, 31.10, 33.57, 35.91, 38.09, 40.13])
t2 = np.array([25.40, 28.39, 31.08, 33.60, 35.89, 38.07, 40.15])
print(np.sqrt(np.mean((t1 - t2)**2) / 2))
```

उत्तर ०.०१५ सेकंद. माझं ०.०९, मामांचं ०.०५ च्या आसपास. या मुलांनी हा प्रयोग आयुष्यात पहिल्यांदा केला आहे.

नशिबाने असं होऊ शकतं का, हेही मोजायला हवं. माझ्यासारखा हात धरला, विचलन ०.१, तर दोन रीडिंग एकमेकांपासून ०.०३ च्या आत येण्याची शक्यता साधारण पाचात एक. एखाद्या ओळीत असं झालं तर काहीच विशेष नाही. सातही ओळींत व्हायला पाच गुणिले पाच असं सात वेळा करावं लागतं, म्हणजे सुमारे अठ्ठ्याहत्तर हजारांत एकदा. मामांचा हात धरला तर तीच शक्यता नऊशेत एकदा येते. हा दुसरा आकडाही नोंदवून ठेवते, कारण नऊशेत एक म्हणजे अशक्य नव्हे. आमच्याकडे दर वर्षी शेकड्याने जर्नल येतात. नुसत्या या एका कसोटीवर मी कुणाला बोलावणार नाही.

१८ जुलै

रात्री दुसऱ्या बाजूने पाहिलं आणि इथे मला जास्त भक्कम काहीतरी सापडलं.

प्रत्येक ओळीतल्या दोन रीडिंगची सरासरी काढली. मग g = 9.8 घालून सूत्रातून २० दोलनांचा वेळ काढला आणि शेजारी मांडला. ४० सेमीला सरासरी २५.३९, सूत्र २५.३८८. ७० सेमीला सरासरी ३३.५८५, सूत्रही ३३.५८५. १०० सेमीला सरासरी ४०.१४, सूत्र ४०.१४२. सातही ओळींत फरक जास्तीत जास्त ०.००५ सेकंद, म्हणजे अर्धा शतांश.

आता स्टॉपवॉच बाजूला ठेवू. समजा वेळ अगदी अचूक मोजली. तरी लांबी मोजली मीटरपट्टीने, तिचा लीस्ट काउंट, म्हणजे सर्वांत लहान घर, एक मिलिमीटर. १०० सेमी लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर २० दोलनांचा वेळ ०.०२ सेकंदाने बदलतो. ४० सेमीला तीच चूक ०.०३ सेकंदाची होते. म्हणजे वेळ अर्ध्या शतांशापर्यंत जुळायचा तर लांबी मोठ्या लंबकाला पाव मिलिमीटरपर्यंत आणि लहान लंबकाला त्याहूनही बारीक बरोबर असली पाहिजे, तीही सातही वेळा. बुचात दोरा चिमटला की गाठीपाशी तो अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. शिवाय जुलै महिना आहे. आमच्या सुती दोऱ्याची लांबी दमट हवेत बदलते, दोन तासांतही तीच राहत नाही. हात कितीही सराईत असला तरी या पट्टीने आणि या दोऱ्याने हे आकडे मिळत नाहीत. मामांच्या हातालाही ही कसोटी लागू पडते, म्हणून पहिल्या कसोटीपेक्षा हिच्यावर माझा विश्वास जास्त.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. ९.८ हा पाठ्यपुस्तकातला गोल केलेला आकडा आहे. १९०१ साली ठरवलेलं प्रमाण मूल्य ९.८०६६५ आहे, पण जमिनीवर g जागोजागी बदलतो, विषुववृत्तावर सुमारे ९.७८०, ध्रुवावर सुमारे ९.८३२. पुणे विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे तो ९.७८ च्या थोडासाच वर आहे. म्हणजे आमच्या लॅबमध्ये एक मीटरचा लंबक अगदी बिनचूक मोजला तर २० दोलनांना ४०.१७ सेकंद लागायला हवेत. गट ३ कडे ४०.१४ आहेत. हा तीन शतांशांचा फरक साध्या रीडिंगमध्ये दिसूच शकत नाही, तो माझ्या दहा रीडिंगच्या सरासरीतही ठरवता येत नाही. पण ज्यांचे आकडे अर्ध्या शतांशापर्यंत जुळतात, त्यांच्या तक्त्यात तो दिसायलाच हवा होता. इतकं बारीक मोजणाऱ्या लंबकाने पुण्याचा g सांगितला असता. या तक्त्यात पुस्तकातला g आहे.

१६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक थोडा आखूड करावा लागला. त्याने तो फरक नोंदवून ठेवला, आणि पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे हे मांडताना न्यूटनला तो उपयोगी पडला. आपल्या जागेशी जुळत नाही असा आकडा लिहून ठेवण्याचं मोल मला या गोष्टीमुळे कळलं. मुलांना ती सांगणार आहे.

२१ जुलै

सकाळी मामांना विचारलं, बॅच बीच्या गट ३ ला कोणता बॉब दिला होता? त्यांनी कपाट उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, बॉब तीनच मापांचे आहेत आपल्याकडे. घ्या, मोजूनच टाका." व्हर्नियरने मोजले. १.८८, २.२१ आणि २.५४ सेमी. शून्याची चूक तपासून पुन्हा मोजले, तेच आले. २.०० सेमीचा बॉब आमच्या कपाटातच नाही.

गेले चार दिवस मी विचलनं आणि शक्यता काढत बसले होते, आणि मामांच्या कपाटाने दोन मिनिटांत उत्तर दिलं. तक्त्यातल्या ज्या ज्या आकड्यामागे लॅबमधली खरी वस्तू आहे, तो आधी त्या वस्तूशी लावून पाहायचा. बॉब, स्प्रिंग, प्रिझमचा कोन, रोधकाच्या पेटीवरचा आकडा. यापुढे सुरुवात तिथून.

दुपारी गट ३ च्या दोघांना बोलावलं. तक्ता समोर ठेवला, आरोप केला नाही. एवढंच म्हटलं, "कच्ची वही आणली आहे का? मला पहिली रीडिंग बघायचीत." मुलगी गप्प राहिली. मुलाने वही काढली. पान मळलेलं, एका कोपऱ्यात कुणाचा तरी फोन नंबर. त्यावर तीनच ओळी होत्या:

१०० सेमी: ४०.३१, ४०.०८
८० सेमी: ३५.८६, ३५.९१
६० सेमी: ३१.२४, ~~३२.७१~~, ३१.०७

मग सगळं बाहेर आलं. तीन लांब्या होईपर्यंत बेल झाली. उरलेल्या चार ओळी "सूत्राप्रमाणे भरून दे" असं सांगून तक्ता एआयला दिला. बॉबचा व्यास मोजायचा राहिला होता, तोही त्यातच आला. उत्तरात पूर्ण तक्ता मिळाला, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या तीन ओळीही बदललेल्या होत्या. ४०.३१ आणि ४०.०८ च्या जागी ४०.१३ आणि ४०.१५. "आम्हाला वाटलं मॅडम, आमचंच चुकलं असेल," मुलगी म्हणाली. त्यांनी तो तक्ता तसाच उतरवला.

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. चार ओळी बनवल्या, याहून जास्त वाईट मला याचं वाटलं की खऱ्या तीन ओळी त्यांना चुकीच्या वाटल्या. त्या तीन ओळींवरून विचलन काढलं तर ०.१२ येतं. पहिल्यांदा प्रयोग करणाऱ्याचा हात अगदी असाच असतो.

आणि तो खोडलेला आकडा. ३२.७१ का खोडलं, असं विचारलं. "फारच वेगळं आलं होतं म्हणून परत घेतलं." त्यांना वहीवर करून दाखवलं. ६० सेमी लंबकाचा दोलनकाल सुमारे १.५६ सेकंद. बाकीच्या दोन रीडिंगची सरासरी ३१.१६, त्यात १.५६ मिळवले की ३२.७२. त्या वेळी त्यांनी वीसऐवजी एकवीस दोलनं मोजली होती. सुरुवातीला "एक" म्हणायचं की "शून्य", यात हा घोटाळा नेहमी होतो. बनवलेल्या तक्त्यात असा आकडा मला अजून दिसलेला नाही. जो प्रयोग करतो तोच एखादं दोलन चुकीचं मोजतो, आणि ती चूक बरोबर एका दोलनाएवढी निघते. मी त्या खोडीवर लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "हे ठेवा, कारण लिहा."

२८ जुलै

आज माझी चूक लिहायची आहे.

बॅच सीमधल्या एका गटाचे फरक फारच लहान दिसले, सगळे ०.०२ च्या आत. बॅच बीचा अनुभव ताजा होता. सरासऱ्या सूत्राशी लावून पाहायच्या आधीच मी त्या मुलांना लॅबमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "रीडिंग कुठून आणली?" मुलं गोंधळली. मग एकाने मोबाइल काढला. त्यांनी लंबकाचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला होता, सेकंदाला २४० फ्रेमचा, आणि बॉब मधल्या खुणेवरून जातो ती फ्रेम मोजून वेळ काढला होता. एक फ्रेम म्हणजे सुमारे चार सहस्रांश सेकंद. यात अंगठ्याचा संबंधच नाही, मग फरक लहानच येणार. जर्नलमध्ये हे का लिहिलं नाही? कारण आमच्या छापील जर्नलमध्ये साहित्याच्या रकान्यात "स्टॉपवॉच" आधीच छापलेलं आहे.

घरी येऊन जी कसोटी आधी लावायला हवी होती ती लावली. ४० सेमीला त्यांचा वेळ २५.६६ होता. आमच्या g ला तो २५.४१ असायला हवा. १०० सेमीलाही वेळ जास्तच होता, पण तिथे ०.१६ नेच. प्रत्येक ओळीतून वेगळा g काढला तर तो वरून खाली ९.५९ पासून ९.७१ पर्यंत चढत जातो. आकडे गुळगुळीत आहेत, पण सूत्रावर बसत नाहीत, आणि न बसण्यात शिस्त आहे. प्रत्येक लांबीत ०.८ सेमी मिळवले की सगळ्या ओळी जागेवर येतात. ०.८ सेमी म्हणजे बॉबच्या हुकची उंची. ती लांबीत धरायची राहिली होती. आखूड लंबकाला तेवढ्याच मिलिमीटरांचा फटका जास्त बसतो, म्हणून वरच्या ओळी जास्त चुकल्या.

हे पाहिल्यावर शंका उरली नाही. हुक मोजायला विसरणं हे प्रत्यक्ष बॉब हातात घेतलेल्या माणसाचंच काम आहे.

२९ जुलै

सकाळी त्या मुलांची माफी मागितली, जिथे विचारलं होतं तिथेच, सगळ्यांसमोर. स्लो मोशनची पद्धत बाकीच्या बॅचला दाखवा असंही सांगितलं. यापुढे पहिल्या कसोटीवर कुणाला काही विचारायचं नाही. आधी कपाट, मग सूत्र, मग कच्ची वही, आणि विचारायचं ते एकट्याला बोलावून.

४ ऑगस्ट

या विषयाचं जुनं वाचत बसले होते. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी मेंडेलचे वाटाण्याचे आकडे तपासले होते. मेंडेलच्या प्रयोगांत काही गुणांचं प्रमाण तीनास एक यायला हवं, आणि प्रत्येक प्रयोगात ते त्याच्या आसपास येतं. खटकण्यासारखं काही एका प्रयोगात नाही. फिशरने सगळे प्रयोग एकत्र घेतले तेव्हा त्यांचा काय-वर्ग, म्हणजे आकडे अपेक्षेपासून एकूण किती दूर आहेत ते माप, ४१.६ आला, अपेक्षा ८४ च्या आसपास होती. म्हणजे एकूण आकडे अपेक्षेला जेवढे चिकटायला हवे त्यापेक्षा बरेच जास्त चिकटले होते. आकडे कुणी सारखे केले का, कसे, यावर पुढे कित्येक दशकं वाद झाला आणि मेंडेलचा सिद्धांत बरोबरच आहे. माझ्या कामाला उपयोगी मुद्दा एवढाच, की एखादी ओळ छान येणं काही सांगत नाही, सगळ्याच ओळी छान येणं सांगतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या काही नेत्रतज्ज्ञांनी एआयकडून मुद्दाम एक खोटा डेटासेट तयार करून घेतला, कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, दोन शस्त्रक्रियांची तुलना करणारा. हे किती सहज होतं तेच त्यांना दाखवायचं होतं. वरवर तो खरा वाटत होता. तज्ज्ञांनी तपासल्यावर काही रुग्णांची नावं आणि लिंग जुळेना, शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या मोजमापांत संबंध दिसेना, आणि वयांच्या शेवटी ७ आणि ८ हे आकडे गरजेपेक्षा जास्त येत होते. यातली दुसरी खूण मला फार महत्त्वाची वाटते. मशीनने प्रत्येक रकाना वेगळा शोभेल असा भरला, पण खऱ्या डोळ्यात आधीचं आणि नंतरचं माप एकाच डोळ्याचं असतं. माझ्या लंबकात हुकची विसरलेली उंची सातही ओळींना बांधून ठेवते, तसंच हे.

११ ऑगस्ट

केमिस्ट्रीचे सर म्हणाले, आमच्या टायट्रेशनला लावा तुमची कसोटी. त्यांच्याकडच्या एका जर्नलमध्ये तीन ब्युरेट रीडिंग ९.८, ९.८, ९.८ होती. मी आधी आनंदले, मग त्यांनीच थांबवलं.

त्यांच्या ब्युरेटचा लीस्ट काउंट ०.१ मिली आहे. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. नीट हात असेल तर रंग एक-दोन थेंबांत बदलतो, आणि दशांशापर्यंत वाचलं की तिन्ही रीडिंग एकच येणं अगदी स्वाभाविक. उपकरणाची घरं हाताच्या चुकीपेक्षा मोठी असली की खरी रीडिंगही एकसारखी दिसतात. शिवाय टायट्रेशनमध्ये एकसारखी रीडिंग येईपर्यंत परत घ्या असं आपणच शिकवतो. इथे फरकांची कसोटी निरुपयोगी आहे. उलट ९.८३, ९.८१, ९.८२ असं असतं तर त्या ब्युरेटवर ते वाचता येतच नाही, आणि तेवढ्यावर विचारलं असतं. लंबकाला हे चालतं, कारण तिथे स्टॉपवॉचची घरं हातापेक्षा कितीतरी बारीक आहेत.

२२ ऑगस्ट

या पद्धतीची सगळ्यांत मोठी मर्यादा आज विभागात सांगितली. कुणी एआयला नुसतं "तक्ता भर" न म्हणता "दशांश सेकंदाची चूक मिसळून भर" म्हटलं, आणि g ९.७८ दिला, तर माझ्या दोन्ही आकड्यांच्या कसोट्या तो तक्ता पास होईल. कपाटातला बॉब त्याने मोजून घेतला असेल तर तीही होईल. आकड्यांवरून पकडता येतो तो घाईचा बनाव, विचारपूर्वक केलेला नाही.

म्हणून बदल आकड्यांत न करता वहीत केला. साहित्याचा छापील रकाना कोरा केला, प्रत्यक्ष जे वापरलं ते मुलांनीच लिहायचं, बॉबचा क्रमांक आणि व्यास धरून. कच्ची वही पेनाने, खोडाखोड तशीच ठेवायची, आणि बेल होताच मी किंवा मामा पानावर सही करणार. ओळी अपुऱ्या राहिल्या तर अपुऱ्याच सही करणार आणि त्यासाठी गुण कापणार नाही. गट ३ ने चार ओळी बनवल्या त्या अपुऱ्या तक्त्याच्या भीतीने, आणि ती भीती आम्हीच घातलेली होती. पूर्वी मुलं मागच्या वर्षीचं जर्नल उतरवायची, तेही याच भीतीने.

३ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर गट ३ उरलेल्या चार लांब्या करायला आला. बॉब २.२१ चा. पहिल्या दिवशीचाही तोच होता, हुकमध्ये अडकलेल्या निळ्या दोऱ्यावरून मामांनी ओळखला. मुलीने उलटी मोजणी लावली, तीन, दोन, एक, शून्य, आणि शून्याला बटण. एकही दोलन चुकलं नाही.

४० सेमी: २५.५२, २५.३७
५० सेमी: २८.३०, २८.४९
७० सेमी: ३३.७०, ३३.४९
९० सेमी: ३८.२२, ३८.०९

जुन्या तीन ओळी यांच्यात मिसळून प्रत्येक ओळीतून g काढला. ४० सेमीपासून १०० सेमीपर्यंत क्रमाने ९.७६, ९.७९, ९.७६, ९.७९, ९.८१, ९.७६, ९.७७. सरासरी ९.७८. बनवलेल्या तक्त्यात सातही ओळींना ९.८० येत होता.

मुलाने विचारलं, "मॅडम, पुस्तकात ९.८ आहे, मग आमचं चुकलं का?" त्याला रिशेच्या घड्याळाची गोष्ट सांगितली. मग हेही सांगितलं की सात ओळींत एवढी ओढाताण असताना दुसरा दशांश पक्का धरता येत नाही, ९.७८ येणं थोडं नशीबही आहे. त्याने निष्कर्षात "९.७८" लिहून पुढे "सुमारे" घातलं. मी पानावर सही केली, खोडलेल्या ३२.७१ च्या पानावरही.